एका म्यानातल्या तलवारी आणि फोटोतला जोकर

प्रश्न: मी एका खासगी क्लासमध्ये अकरावीला गणित शिकवायला नुकतीच लागले आहे. म्युच्युअली एक्स्क्लुझिव्ह आणि इंडिपेंडंट घटनांमध्ये मुलं हमखास घोळ घालतात. दोन्ही व्याख्या त्यांना पाठ असतात, पण गणितात फासा आणि पत्ता एकत्र आले की गाडी अडते. तुम्ही हे मुलांना कसं उलगडून सांगता?

उत्तर:

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने एकदा रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. फोटो थोडा तिरका होता, अर्ध्या पानावर तिच्याच हाताची सावली होती. वर गणित उतरवलेलं होतं: एक फासा टाकला आणि ५२ पत्त्यांच्या पिसलेल्या कॅटमधून एक पत्ता काढला. फाशावर सम संख्या येणे ही घटना A आणि पत्ता बदामचा असणे ही घटना B. तर A किंवा B घडण्याची संभाव्यता काढा.

त्याखाली तिने सोडवलं होतं:

A आणि B यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, ∴ म्युच्युअली एक्स्क्लुझिव्ह.
P(A∪B) = P(A) + P(B) = १/२ + १/४ = ३/४

फोटोखाली एकच ओळ होती, "सर, मागे उत्तर ५/८ दिलंय. छापायची चूक आहे ना?"

आकडेमोड चोख होती. सगळा घोटाळा त्या तीन ठिपक्यांत, म्हणजे ∴ मध्ये होता. 'संबंध नाही' इथून 'म्युच्युअली एक्स्क्लुझिव्ह' इथवर तिने जी उडी मारली, तीच जवळजवळ प्रत्येक मूल मारतं. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा मी व्याख्या विचारल्या नाहीत. व्याख्या तिने घडाघडा म्हटल्या असत्या आणि उडी तशीच राहिली असती. आमचं जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहितो, कारण तुम्हाला उपयोग होईल तो त्याच्या क्रमाचा.

"संबंध नाही असं लिहिलंयस. म्हणजे काय?"

"फासा वेगळा, पत्ता वेगळा. दोन स्वतंत्र गोष्टी आहेत सर. एकमेकींत मिसळतच नाहीत."

"बरं. हा फासा घे आणि टाक. आता या कॅटमधून एक पत्ता ओढ."

फाशावर ४ आले. पत्ता चौकटची सत्ती निघाला. मी तिला पुन्हा करायला सांगितलं. पाचव्या की सहाव्या खेपेला फाशावर २ आणि हातात बदामचा गुलाम आला.

"A घडली?"

"हो, दोन सम आहे."

"B?"

"बदाम. हो." ती थांबली. "दोन्ही घडल्या."

"मग एक्स्क्लुझिव्ह कुठे राहिल्या? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा दोन घटना एकाच खेपेत एकत्र राहू शकत नसतील, तरच त्यांना म्युच्युअली एक्स्क्लुझिव्ह म्हणायचं. परिभाषेत परस्पर अपवर्जी. इथे तर तुझ्यासमोर दोन्ही तलवारी एकाच म्यानात सुखाने बसल्यात."

"पण त्या वेगळ्या आहेत ना!"

हा 'वेगळ्या' शब्द नीट ऐका, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. मराठीत 'स्वतंत्र'चा एक रोजचा अर्थ 'अलग' असा होतो. स्वतंत्र खोली म्हणजे अलग खोली, स्वतंत्र चूल मांडली म्हणजे वेगळा संसार केला. मुलं 'स्वतंत्र घटना' ऐकतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दोन अलग चुली येतात. 'परस्पर अपवर्जी' ऐकलं की तेच चित्र पुन्हा येतं. एका चित्राला दोन नावं मिळाली की मूल ती अदलाबदल करून वापरणारच. वर्ग इंग्रजी माध्यमाचा असला तरी विचार घरच्या भाषेतच होतो, म्हणून इंडिपेंडंट हा शब्द वापरूनही सुटका होत नाही.

यात माझाही हात आहे, हे कबूल करतो. किती तरी वर्षं मी फळ्यावर दोन सुटी वर्तुळं काढून मुलांना म्हणत असे, "बघा, यांचा एकमेकांशी संबंध नाही." सुटी वर्तुळं अपवर्जी घटनांची असतात. स्वतंत्र घटनांची वर्तुळं एकमेकांना छेदलीच पाहिजेत, आणि तीही ठरावीक प्रमाणात. ते प्रमाण वर्तुळांत डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आता या धड्यात मी वर्तुळांआधी चौकटी काढून घेतो. तिलाही काढायला लावल्या.

"सहा उभे रकाने काढ, फाशाच्या १ ते ६ साठी. आडव्या चार ओळी काढ: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. किती घरं झाली?"

"चोवीस."

"सगळी सारखी संभाव्य आहेत का?"

तिने जरा विचार केला. "हो. प्रत्येक रंगाचे तेराच पत्ते आहेत, आणि फासा सरळ आहे."

"आता A ची घरं पेन्सिलीने रंगव."

तिने २, ४ आणि ६ चे उभे रकाने रंगवले. बारा घरं झाली. मग B साठी बदामची आडवी ओळ लाल पेनाने रंगवली. सहा घरं झाली. रंगवता रंगवताच तिचा हात अडला.

"सर, तीन घरांना दोन्ही रंग लागले."

"तू बारा आणि सहा अठरा केलेस, तेव्हा ही तीन घरं किती वेळा मोजलीस?"

"दोनदा." तिने स्वतःच लिहिलं: १२ + ६ − ३ = १५, आणि १५/२४ म्हणजे ५/८. "म्हणजे छापायची चूक नव्हती."

इथे थांबलो असतो तर गणित सुटलं असतं, पण घोळ तसाच राहिला असता. तिला एवढंच कळलं असतं की या गणितात घटना अपवर्जी नव्हत्या. स्वतंत्र म्हणजे काय, हे अजून आलंच नव्हतं. ते त्याच चौकटीत होतं.

"संपूर्ण चौकटीत बदामची ओळ किती भाग आहे?"

"चोवीसातली सहा. एक चतुर्थांश."

"आता कुणी येऊन सांगितलं की फाशावर सम संख्या आली आहे. बाकीचे रकाने हाताने झाक. उरलेल्यात बदाम किती?"

"बारातली तीन." मग थोड्या वेळाने, "तेवढंच. एक चतुर्थांशच."

"हेच स्वातंत्र्य. A घडल्याची बातमी मिळाली तरी B वरची तुझी पैज बदलत नाही. घटना एकत्र येतात की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे बातमीने काही फरक पडतो का, हा."

पैजेची भाषा मी मुद्दाम वापरतो. सशर्त संभाव्यतेचं सूत्र मुलांना येत असतं, पण P(B|A) मधली ती उभी रेघ त्यांना भागाकाराची खूण वाटते. 'अर्धी बातमी मिळाल्यावर पैज बदलशील का' असं विचारलं की तीच गोष्ट चटकन कळते. नंतर सूत्र लिहून दाखवायचं: पैज बदलत नसेल तर P(A∩B) = P(A) × P(B). इथे ३/२४ म्हणजे १/८, आणि १/२ × १/४ सुद्धा १/८.

मग मी तिला उलट बाजूने विचारलं. "तुझ्या मते अपवर्जी घटनांचा एकमेकींशी संबंध नसतो. मी एक पत्ता काढतो, तुला दाखवत नाही. राणी असण्याची संभाव्यता?"

"चार बावन्नांश. एक तेरांश."

"मी पत्ता बघितला. राजा आहे. आता राणीवर पैज लावशील?"

"छे! मग राणी कशी असेल? शून्य."

"राजा आणि राणी अपवर्जी आहेत?"

"हो."

"आणि बातमीने पैज बदलली?"

"पूर्ण बदलली." ती हसली. "म्हणजे सर, अपवर्जी घटनांचा तर सगळ्यात जास्त संबंध असतो."

हे वाक्य मुलाच्या तोंडून यावं म्हणून मी थांबतो. आपण सांगितलं की ते वहीत जातं, डोक्यात जात नाही. ते आल्यावर सिद्धता एका ओळीची आहे. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर P(A) × P(B) शून्य होऊच शकत नाही. अपवर्जी असतील तर P(A∩B) शून्यच असतं. मग दोन्ही बाजू समान कशा होतील? म्हणजे अशी कुठलीही जोडी एकाच वेळी अपवर्जी आणि स्वतंत्र नसते. एखादा चौकस मुलगा विचारतोच, "आणि फाशावर ७ येणं ही घटना घेतली तर?" ती अशक्य घटना कुठल्याही घटनेशी अपवर्जीही असते आणि स्वतंत्रही. व्याख्येचा हा कोपरा आहे. विचारलं तर सांगावं, आपणहून काढू नये.

एवढं झाल्यावर तिने खरी अडचण बाहेर काढली. "पण सर, आम्हाला सोपा नियम सांगितलाय. 'किंवा' आलं की बेरीज, 'आणि' आलं की गुणाकार."

हा नियम कुणी सुरू केला ठाऊक नाही, पण तो सगळीकडे पोचलाय. तो साफ खोटा नाही, म्हणूनच जास्त घातक. त्यातल्या दोन्ही अर्ध्या भागांच्या अटी गळून पडल्या आहेत. नुसती बेरीज चालते ती घटना अपवर्जी असतील तेव्हा. नुसता गुणाकार चालतो तो घटना स्वतंत्र असतील तेव्हा. दोन संकल्पना मुळात हव्यातच या दोन अटींसाठी. अटी टाकून दिल्या की संकल्पनांना कामच उरत नाही, आणि मग मुलं त्या एकमेकींत मिसळतात.

बेरजेचा भाग मोडायला मी तिला दुसरी जोडी दिली: फाशावर ४ किंवा त्याहून कमी, अथवा पत्ता लाल.

"चार षष्ठांश अधिक एक द्वितीयांश." तिने बेरीज केली. "सात षष्ठांश? एकाहून जास्त?"

"तुझ्या ३/४ मध्येही हीच चूक होती. तिथे उत्तर एकाच्या आत राहिलं म्हणून पकडली गेली नाही."

गुणाकारासाठी तिला परत न ठेवता दोन पत्ते काढायला लावले. दोन्ही एक्के येण्याची संभाव्यता? नियमाने १/१३ × १/१३ म्हणजे १/१६९. पण पहिला एक्का निघून गेल्यावर उरलेल्या ५१ पत्त्यांत तीनच एक्के राहतात, म्हणून खरं उत्तर ४/५२ × ३/५१, म्हणजे १/२२१. पहिला एक्का आणि दुसरा एक्का या घटना एकत्र घडू शकतात, म्हणून अपवर्जी नाहीत. पहिल्याच्या बातमीने दुसऱ्याची पैज बदलते, म्हणून स्वतंत्रही नाहीत. मुलांना हे दाखवणं गरजेचं आहे, कारण त्यांना वाटतं की प्रत्येक जोडीला या दोनपैकी एक शिक्का मारलाच पाहिजे.

आता फोटोकडे परत येतो. त्याच पानावर गणिताचा दुसरा भाग होता: एकच पत्ता काढला, तो राजा असणे आणि तो बदामचा असणे या घटना स्वतंत्र आहेत का? तिने लिहिलं होतं, "नाही, कारण पत्ता एकच आहे." पहिल्या भागातल्या गैरसमजाचंच हे दुसरं टोक. दोन वस्तू असल्या की संबंध नाही, एक वस्तू असली की संबंध आहे. मी पुन्हा पत्ता लपवला.

"बदामवर पैज?"

"एक चतुर्थांश."

"मी बघितला, राजा आहे. आता?"

"चार राजे, त्यातला एक बदामचा... एक चतुर्थांशच! स्वतंत्र आहेत?" तिने पडताळून पाहिलं. बदामचा राजा एकच, म्हणून P(A∩B) = १/५२. आणि १/१३ × १/४ सुद्धा १/५२.

एवढ्यावर ती खूष होती. पण फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली होती. वहीच्या वरच्या कोपऱ्याशी तिच्या धाकट्या भावाचा पत्त्यांचा कॅट पडला होता आणि सगळ्यात वर जोकर होता. मी मोबाइलवर फोटो मोठा करून तिला तो दाखवला.

"हा एक जोकर कॅटमध्ये राहून गेला आणि ५३ पत्ते झाले. आता राजा आणि बदाम स्वतंत्र आहेत?"

"एका जोकरने काय होणार? राजा चारच, बदाम तेराच."

"करून बघ."

तिने लिहिलं: राजा ४/५३, बदाम १३/५३, बदामचा राजा १/५३. गुणाकार आला ५२/२८०९. १/५३ चा छेद २८०९ केला तर ५३/२८०९. ती दोन्ही अंशांकडे बघत राहिली. बावन्न आणि त्रेपन्न.

"एवढ्याशाने चुकलं?"

"एवढ्याशानेच. पण चुकलं ना? आता पैजेच्या भाषेत सांग, का."

बराच वेळ ती काही बोलली नाही. घाई केली नाही, कारण उत्तर दहा शब्दांचं आहे आणि ते आपलं आपल्याला सापडण्यातच मजा आहे. मग ती म्हणाली, "राजा आहे असं कळलं की तो जोकर नाही हेही कळतं. म्हणून बदामची शक्यता थोडी वाढते. तेरा त्रेपन्नांशवरून एक चतुर्थांशवर."

"आणि राजा-राणी? जोकर आल्यावर ते अपवर्जी राहिले का?"

"राहिले. जोकर किती का घाला, एक पत्ता राजा आणि राणी दोन्ही होणार नाही."

दोन्ही संकल्पनांमधला खरा फरक इथे हाताला लागतो. अपवर्जी आहेत का, हे नुसत्या यादीवरून कळतं. नमुना अवकाश लिहायचा, दोन्ही घटनांत बसणारी एखादी निष्पत्ती आहे का ते बघायचं. आकडे लागत नाहीत. फाशाची एक बाजू जड केली, तरी सम आणि विषम अपवर्जीच राहतात. स्वतंत्र आहेत का, हे मात्र आकडे मांडल्याशिवाय सांगता येत नाही. एक जोकर घाला, एक पत्ता हरवू द्या, ते स्वातंत्र्य जातं. म्हणून 'बघूनच कळतंय' असं म्हणून स्वतंत्रचा शिक्का मारायची मुभा मी एकाच ठिकाणी देतो: फासा आणि पत्ता यांसारख्या, एकाचा परिणाम दुसऱ्यावर होऊच शकत नाही अशा दोन प्रयोगांत, जिथे एक घटना फक्त पहिल्या प्रयोगाची आणि दुसरी फक्त दुसऱ्याची असेल. एकाच पत्त्यातल्या, किंवा दोन फाशांच्या बेरजेतल्या घटना असतील तर गुणाकार करून पडताळायचं, सबब चालणार नाही.

परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक. उत्तरपत्रिकेत मुलं 'घटना स्वतंत्र आहेत, म्हणून P(A∩B) = ०' असं लिहितात. तुमच्या वर्गात किती जणांना हा घोळ आहे हे बघायचं असेल, तर नुसतं P(A∪B) विचारू नका. त्याआधी P(A∩B) वेगळं लिहायला सांगा. तिथे शून्य दिसलं की समजा, त्या मुलाच्या मनात अजून दोन अलग चुली पेटलेल्या आहेत.

जाताना तिला घरी करायला दोन फाशांचं गणित दिलं. पहिल्या फाशावर ४ येणे ही घटना 'बेरीज ७' शी स्वतंत्र आहे का, आणि 'बेरीज ८' शी आहे का? मांडायच्या आधी अंदाज लिहायचा, असंही सांगितलं.

रात्री पुन्हा फोटो आला, या वेळी सरळ आणि उजेडात काढलेला. अंदाज लिहिला होता, "दोन्ही सारखेच असणार, म्हणजे स्वतंत्र नसणार." तो खोडला नव्हता, हे मला आवडलं. खाली ३६ घरांची चौकट होती. बेरीज ७ ची सहा घरं, म्हणजे १/६; पहिला ४ आणि बेरीज ७ असं एकच घर, १/३६; आणि १/६ × १/६ सुद्धा १/३६, म्हणून स्वतंत्र. बेरीज ८ ची पाचच घरं, ५/३६. तिथेही एकच घर सामाईक, १/३६, पण गुणाकार ५/२१६ येतो आणि १/३६ म्हणजे ६/२१६, म्हणून स्वतंत्र नाहीत. समासात कारणही होतं: पहिल्या फाशावर काहीही आलं तरी ७ करायला दुसऱ्यावर नेमका एक आकडा मिळतो. ८ ला तसं नाही, पहिल्यावर १ आला तर दुसऱ्यावर ७ कुठून आणणार?

त्याच्याखाली, मी न विचारलेली एक ओळ: "सर, म्हणजे 'पहिल्यावर १' आणि 'बेरीज ८' या एका म्यानातल्या तलवारी. आणि 'पहिल्यावर १' व 'बेरीज ७' स्वतंत्र. बेरजेत फक्त एकाचा फरक आहे!"